एका रात्रीत बसणारा शोध

२०१५ साली नेपाळमधल्या तीन संशोधकांनी हस्तलिखित देवनागरी अक्षरांचा एक संच प्रसिद्ध केला. क ते ज्ञ अशी ३६ व्यंजनं आणि ० ते ९ हे अंक, असे एकूण ४६ प्रकार. प्रत्येक प्रकाराची २,००० चित्रं, म्हणजे सगळी मिळून ९२,०००. प्रत्येक चित्र फक्त ३२ गुणिले ३२ ठिपक्यांचं, काळं-पांढरं. हा संच कोणालाही फुकट मिळतो, शंभर एमबीच्या आत बसतो, आणि मराठी वाचणाऱ्याला त्यात एक मोठी सोय आहे: यंत्र चुकलं की नेमकं कुठे चुकलं हे आपल्याच डोळ्यांनी तपासता येतं. ‘घ’ला ‘ध’ म्हटलं की ‘भ’ला ‘म’, हे कळायला कोणा तज्ज्ञाची गरज पडत नाही.

अक्षरं ओळखायला एक लहानसं न्यूरल नेटवर्क पुरतं. चित्रावरून तीन-बाय-तीनच्या खिडक्या सरकवणारे दोन थर, पहिल्यात १६ खिडक्या, दुसऱ्यात ३२. प्रत्येक थरानंतर चित्र निम्म्यावर आणायचं. मग ६४ एककांचा एक थर आणि शेवटी ४६ उत्तरं. यात शिकले जाणारे आकडे, म्हणजे वेट, भरतात १,३८,९२६. आजच्या मानाने हे अगदी किरकोळ आहे, आणि म्हणूनच जीपीयू नसलेल्या साध्या लॅपटॉपवरही ते शिकवता येतं.

हे सव्वा लाखावरचे आकडे यंत्र स्वतः शोधतं. काही मोजके आकडे मात्र माणसाला आधीच ठरवून द्यावे लागतात. दर वेळी वेट किती हलवायचे, तो लर्निंग रेट. एका वेळी किती चित्रं बघून हलवायचे, तो बॅच साइज. आणि थांबायचं कधी. यांना हायपरपॅरामीटर म्हणतात. ते चुकले तर नेटवर्क चांगलं असूनही शिकत नाही, आणि ते कसे निवडायचे याचं कुठलंही अचूक सूत्र नाही. करून बघावं लागतं, आणि करून बघायला वेळ लागतो. मोठ्या कंपन्या शेकडो यंत्रं एकाच वेळी लावून शेकडो जोड्या तपासतात. आपल्याकडे एक लॅपटॉप आणि एक रात्र आहे असं धरू.

हिशोब सोपा ठेवू. सगळी चित्रं एकदा दाखवून होतात तेव्हा एक एपोक झाला असं म्हणतात, आणि समजा एका एपोकला एक मिनिट लागतं. रात्रीचे आठ तास म्हणजे ४८० एपोक. पहिल्यांदा मनात येतं ते तक्ता आखणं: लर्निंग रेटच्या सहा किमती, बॅच साइजच्या चार, अशा चोवीस जोड्या, प्रत्येक वीस एपोक चालवायची. बरोबर ४८० एपोक, रात्र संपली. पण पदरात काय पडलं? लर्निंग रेट या सर्वात महत्त्वाच्या आकड्याच्या फक्त सहा किमती तपासल्या गेल्या, आणि त्यातल्या दोन-तीन तर पहिल्या मिनिटातच बाद झाल्याचं दिसत असूनही पुढची एकोणीस मिनिटं चालत राहिल्या. मला ही उधळपट्टी खटकते. हाच वेळ जास्त विचारपूर्वक वाटता येतो, आणि ती वाटणी हाच या लेखाचा विषय आहे.

सुरुवात शोधाने होत नाही, मोजपट्टीने होते. संच तयार करणाऱ्यांनी ९२,००० पैकी १३,८०० चित्रं चाचणीसाठी वेगळी काढून दिली आहेत. ती बाजूला ठेवायची आणि अगदी शेवटपर्यंत उघडायची नाहीत. उरलेल्या ७८,२०० मधून प्रत्येक अक्षराची २०० अशी ९,२०० चित्रं व्हॅलिडेशनसाठी काढायची. शिकवायला ६९,००० राहतात. शाळेच्या भाषेत, ६९,००० हा स्वाध्याय, ९,२०० ही प्रिलिम आणि १३,८०० ही बोर्डाची परीक्षा. सगळे निर्णय प्रिलिमवर घ्यायचे. बोर्डाचा पेपर बघून तयारी बदलली, की त्या पेपरातल्या गुणांना काही अर्थ उरत नाही.

आता ही मोजपट्टी किती बारीक मोजते ते आधीच काढून ठेवायचं. समजा नेटवर्क ९८ टक्के बरोबर येतं. म्हणजे ९,२०० पैकी १८४ चुका. हीच चित्रं न निवडता त्याच प्रकारची दुसरी ९,२०० निवडली असती, तर निव्वळ योगायोगाने हा आकडा तेरा-चौदाने इकडे-तिकडे झाला असता. संख्याशास्त्राचा साधा नियम तेवढं सांगतो. टक्क्यांत हे ०.१५ होतं. तेव्हा एका जोडीला ९८.०५ आणि दुसरीला ९८.१२ टक्के मिळाले, तर दुसरी सरस आहे असं म्हणायला आधार नाही. हा एक आकडा कागदावर लिहून ठेवला की पुढे रात्रभर खूप वेळ वाचतो, कारण जे फरक आपल्याला मोजताच येत नाहीत त्यांच्यामागे आपण धावत नाही.

पुढचा निर्णय बॅच साइजचा. यासाठी काही शिकवावंही लागत नाही. घड्याळ पुरतं.

नेटवर्क प्रत्येक पावलाला एक मूठभर चित्रं बघतं, त्यांवरच्या चुकीवरून वेट कोणत्या दिशेने हलवायचे याचा अंदाज काढतं आणि हलवतं. त्या दिशेला ग्रेडियंट म्हणतात. चित्रं कमी असतील तर अंदाज ओबडधोबड, जास्त असतील तर नीट. पण ही सुधारणा वर्गमुळाच्या हिशोबाने होते. ६४ ऐवजी २५६ चित्रं घेतली, की मेहनत चौपट आणि अंदाजातली गडबड फक्त निम्मी. म्हणून लहान यंत्रावर अवाढव्य बॅच घेण्यात फायदा नसतो. उलट अगदी लहान बॅच घेतली तर प्रत्येक पावलामागे होणारी वरकड कामं, म्हणजे डेटा उचलणं, फंक्शनं हाकारणं, हीच जास्त वेळ खातात आणि प्रोसेसर अर्धा रिकामा बसतो.

म्हणून १६, ३२, ६४, १२८, २५६ अशा प्रत्येक बॅचने फक्त शंभर पावलं चालवायची आणि सेकंदाला किती चित्रं पार पडली ते लिहायचं. हा आकडा आधी झपाट्याने वाढतो आणि मग सपाट होतो. जिथे सपाट व्हायला लागतो, तिथली सर्वात लहान बॅच घ्यायची. सगळं पाच-दहा मिनिटांत होतं. आपण इथे ६४ धरू. ६९,००० चित्रांना ६४ च्या बॅचने एका एपोकात १,०७९ पावलं होतात.

बॅचविषयीचा एक गैरसमज इथेच दूर करायला हवा, कारण तो फार पसरलेला आहे. कोणी ६४ ची बॅच ५१२ करतो, बाकी काही बदलत नाही, आणि निकाल घसरला की “मोठी बॅच वाईट” असं ठरवतो. प्रत्यक्षात ५१२ च्या बॅचने एका एपोकात पावलं फक्त १३५ होतात. पावलाची लांबी तीच ठेवून पावलं आठपट कमी केली, तर नेटवर्क तेवढ्या वेळात कमीच अंतर कापणार. २०१७ साली फेसबुकच्या संशोधकांनी इमेजनेट हा प्रचंड चित्रसंच २५६ जीपीयूंवर एका तासात शिकवून दाखवला, तेव्हा त्यांनी वापरलेला नियम साधा होता: बॅच जितक्या पट वाढवाल, तितक्या पट लर्निंग रेट वाढवा, मात्र सुरुवातीच्या काही एपोकांत तो हळूहळू चढवा. हा नियम सरसकट चालत नाही, फार मोठ्या बॅचवर तो मोडतो. पण त्यातून एवढं नक्की कळतं की या दोन आकड्यांची तुलना वेगवेगळी करता येत नाही. म्हणूनच लहान यंत्रावर बॅच घड्याळाने ठरवून गोठवावी आणि शोधाचा सगळा वेळ लर्निंग रेटला द्यावा.

लर्निंग रेट इतका महत्त्वाचा का, हे एका छोट्या गणितात दिसतं. एकच वेट आहे असं धरा, आणि त्याची चूक ५ गुणिले वेटचा वर्ग आहे. सर्वोत्तम वेट अर्थातच शून्य. या चुकीचा उतार येतो वेटच्या दहापट. प्रत्येक पावलाला आपण वेटमधून लर्निंग रेट गुणिले उतार वजा करतो. वेट १ पासून सुरू केलं आणि लर्निंग रेट ०.०५ ठेवला, तर वेट १, ०.५, ०.२५ असं दर पावलाला निम्मं होत जातं. ०.००१ ठेवला तर १, ०.९९, ०.९८, पोहोचेल, पण रात्र जाईल. ०.२ ठेवला तर १, −१, १, −१; जागच्या जागी उड्या. आणि ०.२५ ठेवला तर १, −१.५, २.२५, −३.३७५, दर पावलाला आणखी दूर. ०.०५ आणि ०.२५ यांत फक्त पाच पटींचं अंतर, आणि एक छान चालतो तर दुसरा फुटतो. खऱ्या नेटवर्कमध्ये लाखो वेट असतात आणि प्रत्येक दिशेचा वाक वेगळा असतो, त्यामुळे ही सीमा कागदावर काढता येत नाही. पण ती असते, आणि सर्वात वेगवान शिकणं बहुधा तिच्या जरा अलीकडे असतं.

ही सीमा शोधण्याची एक स्वस्त युक्ती लेस्ली स्मिथ या अमेरिकन संशोधकाने २०१५ च्या सुमारास मांडली. लर्निंग रेट अगदी नगण्य ठेवून सुरुवात करायची, प्रत्येक पावलाला तो थोडा वाढवायचा आणि चूक, म्हणजे लॉस, नोंदत जायचा.

```python
lr = 1e-5
for x, y in loader:
    for g in opt.param_groups:
        g["lr"] = lr
    opt.zero_grad()
    loss = loss_fn(net(x), y)
    loss.backward()
    opt.step()
    print(lr, loss.item())
    lr *= 1.039
    if lr > 1: break
```

दर पावलाला ३.९ टक्के वाढ, म्हणजे सुमारे तीनशे पावलांत लर्निंग रेट ०.००००१ पासून १ पर्यंत जातो. आपल्या हिशोबात हा एपोकचा तिसरा हिस्साही नाही. वीस सेकंदांचं काम. पडद्यावर आधी लॉस ३.८३ च्या आसपास घुटमळताना दिसेल. तो आकडा ओळखीचा करून घ्यावा: ४६ चा नैसर्गिक लॉगॅरिथम ३.८३ आहे, आणि ४६ अक्षरांपैकी कोणतंही असू शकेल असं मानणाऱ्या, म्हणजे काहीच न शिकलेल्या नेटवर्कचा लॉस तेवढाच असतो. सुरुवातीलाच लॉस दहा-वीस दिसला तर दोष लर्निंग रेटचा नाही. चित्रांचे आकडे ० ते २५५ असेच भरले गेलेत का, ते ० ते १ मध्ये आणायचे राहिलेत का, हे आधी बघावं.

पुढे एका जागी लॉस भरभर उतरू लागतो, मग डळमळतो आणि शेवटी उसळतो किंवा `nan` होतो. जिथे सर्वात वेगाने उतरत होता ते ठिकाण, आणि उसळला त्याच्या अलीकडे तीन ते दहा पटींची जागा, या दोहोंच्या मधला पट्टा आपल्या शोधाचा. समजा तो ०.००३ ते ०.१ निघाला. एक सावधगिरी: ही सीमा वापरलेल्या पद्धतीची असते. साध्या एसजीडीला ०.९ चा मोमेंटम जोडला तर प्रत्येक पावलाचा जोर दीर्घकाळात दहापट होतो आणि पट्टा खाली सरकतो. अ‍ॅडम ही पद्धत वापरली तर आणखीच वेगळा. दुसऱ्याच्या लेखातला लर्निंग रेट उचलून आपल्या पद्धतीत घालणं म्हणूनच फसतं.

या पट्ट्यात शोधायचं कसं? इथे दोन गोष्टी हव्यात. पहिली, किमती पटींनी निवडायच्या. ०.०१ आणि ०.०२ यांत जितका फरक आहे तितकाच ०.०५ आणि ०.१ यांत आहे. ०.०००१ ते १ मध्ये सरळ चिठ्ठी टाकली तर दहापैकी नऊ किमती ०.१ च्या वरच पडतील. म्हणून चिठ्ठी घातांकावर टाकायची: `10 ** random.uniform(-2.5, -1)`. दुसरी, चौकटीचा तक्ता नको. २०१२ साली जेम्स बर्गस्ट्रा आणि योशुआ बेंजिओ यांनी दाखवून दिलं की अनेक हायपरपॅरामीटरांपैकी एक-दोनच खरे परिणामकारक असतात, आणि अशा वेळी तक्त्यापेक्षा यादृच्छिक निवड सरस ठरते. तीन-बाय-तीनच्या तक्त्यात नऊ प्रयोग करून लर्निंग रेटच्या तीनच किमती कळतात. यादृच्छिक नऊ प्रयोगांत नऊ कळतात, कष्ट तेवढेच.

आपण लर्निंग रेटबरोबर आणखी एकच आकडा घेऊ: ड्रॉपआउट, म्हणजे शिकताना शेवटच्या थरातली काही एककं अधूनमधून बंद ठेवण्याचं प्रमाण, ० ते ०.५. अशा सोळा जोड्या चिठ्ठीने काढायच्या. सोळाही जोड्या सोळा एपोक चालवल्या तर २५६ मिनिटं जातील. त्याऐवजी सगळ्या फक्त दोन एपोक चालवायच्या आणि खालच्या आठ सोडून द्यायच्या. उरलेल्या आठ चार एपोकांपर्यंत न्यायच्या, त्यातल्या चार आठपर्यंत, आणि शेवटच्या दोन सोळापर्यंत. जोडीची स्थिती साठवून ठेवली तर पुढे चालू करताना आधीचे एपोक पुन्हा करावे लागत नाहीत. मग हिशोब होतो ३२, अधिक १६, अधिक १६, अधिक १६: एकूण ८० मिनिटं. या पद्धतीचं नाव सक्सेसिव्ह हाविंग. केविन जेमिसन आणि अमीत तलवलकर यांनी २०१६ मध्ये ती हायपरपॅरामीटरांच्या शोधासाठी मांडली.

तिची खोट कुठे आहे हेही नीट समजून घ्यावं. पहिल्या दोन एपोकांत जो पुढे, तोच शेवटी पुढे, असं ती गृहीत धरते. लर्निंग रेट लहान असलेली जोडी हळू सुरू होते. जास्त ड्रॉपआउटचीही तीच गत: शिकताना तिचे हात बांधलेले असतात, फायदा दिसतो तो नंतर, इतर जोड्या अक्षरं पाठ करू लागतात तेव्हा. अशा जोड्या पहिल्याच चाळणीत गळतात. त्यावर माझा उपाय असा, की बाद झालेल्यांपैकी सर्वात जास्त ड्रॉपआउटची एक जोडी मुद्दाम सोळा एपोकांपर्यंत न्यायची. ती शेवटी विजेत्यांच्या ०.१५ टक्क्यांच्या आसपास पोहोचली, तर चाळणी फार घाईने लावली होती असं समजायचं आणि पहिली फेरी दोनऐवजी चार एपोकांची करायची.

आता थांबण्याचा प्रश्न. अंतिम दोन जोड्या कितीही वेळ चालवत राहिलो तर स्वाध्यायावरचा लॉस कमीच होत राहतो, कारण सव्वा लाखावर वेट ६९,००० चित्रांतली बरीचशी पाठही करू शकतात. व्हॅलिडेशनवरच्या चुका मात्र एका जागी थांबतात आणि पुढे वाढूही लागतात. त्या वाढण्याआधी थांबणं म्हणजे अर्ली स्टॉपिंग. नियम सोपा वाटतो, पण ‘वाढू लागल्या’ हे ठरवणं सोपं नाही, कारण हा आलेख गुळगुळीत नसतो. समजा अकराव्या एपोकला २०५ चुका, बाराव्याला २०९, तेराव्याला २१४, चौदाव्याला १९८ आणि सतराव्याला १८६. दोन एपोक सुधारणा नाही म्हणून थांबणारा नियम तेराव्यालाच थांबला असता. ही वरखाली वेट डोलत असल्यामुळे होते, आणि लर्निंग रेट जितका मोठा तितकी ती जास्त. म्हणून किती एपोक वाट बघायची, ज्याला पेशन्स म्हणतात, तो आकडा लर्निंग रेट बघून ठरवावा. आपल्या पट्ट्यात पाच हा बरा. केरास या लोकप्रिय लायब्ररीत `EarlyStopping` वापरताना `patience` ची मूळ किंमत ० असते आणि `restore_best_weights` बंद असतं. दोन्ही हाताने बदलले नाहीत, तर प्रशिक्षण पहिल्या अडखळण्यालाच थांबतं आणि हातात येतात ते सर्वोत्तम एपोकचे नव्हे, शेवटच्या एपोकचे वेट.

पेशन्स संपल्यावर लगेच गाशा गुंडाळायचीही गरज नाही. सर्वोत्तम वेट परत आणायचे, लर्निंग रेट एक दशांश करायचा आणि एकदाच पुन्हा पाच एपोकांची संधी द्यायची. पावलं लहान झाली की डोलणं कमी होतं आणि बहुतेक वेळा चुका एका झटक्यात खाली येतात. आल्या नाहीत, तर मात्र खरंच थांबायचं.

लॉस बघायचा की चुका मोजायच्या, यावरही अनेक जण गोंधळतात, कारण दोन्ही कधी कधी उलट बोलतात: लॉस वाढतो आणि चुकाही कमी होत राहतात. यात विरोधाभास नाही. खऱ्या अक्षराला नेटवर्कने जितकी संभाव्यता दिली तिचा लॉगॅरिथम, चिन्ह बदलून, म्हणजे लॉस. ‘घ’च्या चित्राला ‘घ’ असण्याची संभाव्यता ०.०१ दिली तर लॉस ४.६, ०.०००१ दिली तर ९.२. उत्तर दोन्हीकडे चूकच, मोजणीत एकच. जास्त वेळ शिकलेलं नेटवर्क थोड्या चुका करतं, पण त्या ठामपणे करतं. नुसतं अक्षर ओळखायचं असेल तर चुका बघून थांबावं. पण शंकास्पद अक्षरं माणसाकडे तपासायला पाठवायची असतील, तर नेटवर्कचा आत्मविश्वास खरा असायला हवा आणि थांबणं लॉसवर ठरावं.

अंतिम दोन जोड्या तीन वेगवेगळ्या सीडांनी, म्हणजे वेटच्या तीन वेगवेगळ्या सुरुवातींनी, प्रत्येकी जास्तीत जास्त तीस एपोक चालवल्या तर १८० मिनिटं. आधीची ८० धरून २६०. ४८० मिनिटांत निम्म्याच्या जवळपास वेळ अजून शिल्लक आहे, आणि तो लागतोच: पट्टा चुकला तर, ड्रॉपआउटवाली जोडी तपासायला, किंवा तीन सीडांतला फरक दोन जोड्यांमधल्या फरकापेक्षा मोठा निघाला तर. हे शेवटचं घडलं की निर्णय स्पष्ट असतो: दोन्ही जोड्या सारख्याच, लवकर संपणारी घ्या.

मग १३,८०० चित्रं उघडायची, एकदाच. इथला आकडा व्हॅलिडेशनपेक्षा थोडा कमी येणं अपेक्षित आहे, कारण सोळा जोड्या आणि डझनावारी एपोक यांतून आपण प्रिलिमला सर्वात चांगलं दिसणारं निवडलं, आणि त्या दिसण्यात थोडं नशीब मिसळलेलं असतं. संच बनवणाऱ्यांनी स्वतःच्या नेटवर्कला ९८.४७ टक्के मिळाल्याचं नोंदवलं आहे. ते आपल्या निकालाशी ताडून बघायला उपयोगी पडतं.

मराठीसाठी हे नेटवर्क वापरायचं तर एक काम उरतं. हा संच नेपाळी लेखनाचा आहे आणि त्यात ‘ळ’ नाही. तेव्हा ‘बाळ’ लिहिलेल्या कागदावर हे नेटवर्क ‘ळ’च्या जागी छत्तिसांतलं दुसरंच कुठलं तरी व्यंजन ठामपणे सांगेल, आणि लर्निंग रेटच्या कोणत्याही किमतीने त्यात फरक पडणार नाही. ‘ळ’ची चित्रं जमवून सत्तेचाळिसावं उत्तर जोडावं लागेल. त्यासाठी सगळी रात्र पुन्हा खर्चायला नको. नेटवर्क आणि बॅच जवळपास तीच असल्याने सापडलेला पट्टाही बहुधा तोच राहील; वीस सेकंदांची ती चढती चाचणी एकदा परत चालवून खात्री करायची आणि पेशन्स पाच ठेवून शिकवायला लावायचं.